प्रत्येक वेळी लसीच्या दिवशीच पिल्लाचं पोट बिघडतं: कार्ड कसं वाचायचं आणि जंताचं औषध कधी द्यायचं

कोल्हापुरात प्राण्यांच्या एका लहान दवाखान्यात मी काउंटर सांभाळतो. वजन घ्यायचं, कार्ड भरायचं, स्टिकर चिकटवायचं, पुढची तारीख सांगायची, एवढं माझं काम. औषध ठरवणं डॉक्टरांचं. पण कार्डं रोज हातातून जातात, त्यामुळे एक तक्रार मला तोंडपाठ झाली आहे: "लस द्यायला आणलं की नेमके त्याच दिवशी जुलाब. मग डॉक्टर परत पाठवतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच."

पावसाळ्यात ही तक्रार जास्त येते. गेल्या पावसाळ्यातलंच एक पिल्लू घेऊन सांगतो, कारण त्याच्या कार्डावर या भानगडीतली जवळजवळ प्रत्येक चूक एकाच ठिकाणी सापडली. मुधोळ जातीचं नर पिल्लू, नाव शेरू. मालक शिवाजी पेठेतले काका, साठीच्या पुढचे, घरात दोन नातवंडं, मागे परसात माती आणि एक जुनं जांभळाचं झाड. काका ९ ऑगस्टला आले ते थोडे वैतागूनच. कार्ड माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाले, "हे बघा, आज तरी टोचा. दोन बाऱ्या हेलपाटा झालाय. जंताचं औषध तर दर वेळी देतोय की वो."

ते खरं सांगत होते. औषध दिलेलं होतं. गडबड होती ती कार्डाच्या मागच्या पानावर, पण त्याआधी पुढचं पान बघू.

पुढचं पान: लसींचं

कार्ड हातात आलं की मी सगळ्यात आधी जन्मतारीख बघतो. ती नसली तर बाकीचं कार्ड वाचून फारसा उपयोग नाही. पुष्कळ कार्डांवर जन्मतारखेच्या जागी पिल्लू घरी आणल्याची तारीख असते, किंवा विकणाऱ्यानं सांगितलेलं "पंचेचाळीस दिवसांचं" एवढंच असतं. (आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे, पण पंचेचाळीस दिवस हा शब्द बाजारातून काही जात नाही.) जन्मतारीख माहीतच नसेल तर डॉक्टर दातांवरून अंदाज बांधतात. पुढचे दुधाचे दात पडून पक्के यायला लागले असतील तर पिल्लू साधारण साडेतीन-चार महिन्यांचं असतं.

शेरूची तारीख नशिबानं होती: १० मे. काकांनी त्याला आणलं २१ जूनला, म्हणजे बरोबर सहा आठवड्यांचा असताना.

मग स्टिकर. लसीच्या बाटलीवरचं लहान स्टिकर काढून कार्डावर लावतात, त्यावर लसीचं नाव, बॅच आणि मुदत असते. स्टिकर नाही आणि नुसतीच सही आहे, तर नेमकं काय टोचलं ते कुणालाच सांगता येत नाही. शेरूच्या कार्डावर २१ जूनला "पपी डीपी"चं स्टिकर होतं. ही लस फक्त दोन रोगांची, डिस्टेंपर आणि पार्व्हो. लहान वयात, मोठ्या लसीच्या आधी देतात. त्यानंतर १२ जुलैला मोठी लस, ज्याला लोक सेव्हन इन वन म्हणतात. ही मोठी लस पुष्कळदा दोन बाटल्यांत येते. एकीत कोरडी पांढरी वडी, दुसरीत पाणी, आणि त्या पाण्यातच लेप्टो या रोगाच्या लसीचा भाग असतो. म्हणून शेजारी शेजारी दोन स्टिकर असली तर दोनदा टोचलं असं समजू नका, ती एकच सुई. आणि एकच स्टिकर असेल तर लेप्टो आहे का ते विचारून घ्या. आपल्याकडे पंचगंगा रस्त्यावर आली की उंदीर आणि पाणी दोन्ही घरात येतात. लेप्टो पसरतो उंदरांच्या लघवीनं आणि साचलेल्या पाण्यातून, तेव्हा इथं तो भाग सोडून चालत नाही.

शेरूच्या कार्डावर छापील रकाने तीन होते: पहिली, दुसरी, तिसरी. डीपी पहिल्यात, १२ जुलैची मोठी लस दुसऱ्यात. ९ ऑगस्टला मोठ्या लसीचा दुसरा डोस टोचला की तिसरा रकाना भरणार होता. काकांच्या हिशेबानं मग विषय संपला, राहिलं फक्त रेबीज.

घोटाळा इथंच होतो. शेवटचा डोस कोणता हे रकान्यांवरून ठरत नाही, वयावरून ठरतं. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसीचा शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर, किंवा त्यानंतर, पडायला हवा. कारण आईचं पहिलं दूध. पहिल्या दिवसात पिल्लू जे चीक दूध पितं त्यातून आईची तयार प्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात येते. ती रोगाला अडवते हे खरं, पण ती लसीतल्या विषाणूलाही अडवते. म्हणजे टोचलेली लस कामाला लागायच्या आधीच खलास. ही उसनी शक्ती हळूहळू ओसरते, साधारण दहा दिवसांत निम्मी. बहुतेक पिल्लांत ती आठ ते बारा आठवड्यांत लस अडवण्याइतकी राहत नाही, पण काहींत सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकते. कुठल्या पिल्लात कधी संपली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत देत सोळा आठवडे ओलांडायचे. त्या मधल्या डोसांपैकी एखादा वाया गेला असला तरी चालतं. शेवटचा मात्र वाया जाता कामा नये, कारण त्याच्यानंतर हात राखायला दुसरा डोस नसतो.

९ ऑगस्टला शेरू तेरा आठवड्यांचा होता. त्या दिवशीच्या डोसावर थांबणं म्हणजे नशिबावर हवाला. मी रकान्यांच्या खाली पेनानं चौथी ओळ आखली आणि लिहिलं: ६ सप्टेंबर. म्हणजे चार आठवड्यांनी, शेरू सतरा आठवड्यांचा असताना. काका म्हणाले, "आणि एक? कार्डावर तर जागाच नाही." जागा नसते, करावी लागते.

मागचं पान: जंताचं

आता त्यांची मूळ तक्रार. ५ जुलैला शेरूला मोठ्या लसीचा पहिला डोस द्यायचा होता. आणला तेव्हा पोट ढोलासारखं फुगलेलं, शी पातळ आणि चिकट, सकाळपासून खाल्लेलं नव्हतं. परत पाठवला, लस एक आठवड्यानं दिली. मग २ ऑगस्टला दुसरा डोस. त्या दिवशी जुलाब, शीत शेवयांसारखे दोन पांढरे जंत आणि ताप १०३.४. पिल्लाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. पुन्हा परत.

मागच्या पानावर जंताच्या औषधाच्या तीन नोंदी होत्या, काकांच्याच अक्षरात:

२१ जून, ३ मिली.
५ जुलै, ३ मिली.
२ ऑगस्ट, ३ मिली.

मी विचारलं, "काका, तिन्ही वेळा तीनच?" ते म्हणाले, "बाटलीबरोबर जे टोपण आलंय, त्यात तीनची खूण केल्ती पहिल्यांदा. तेवढंच देतोय."

२१ जूनला शेरू २.८ किलोचा होता, तेव्हा तीन मिली बरोबर होतं. पिल्लांच्या या सिरपचं प्रमाण किलोला एक मिली असतं (बाटलीवरचं वाचूनच घ्या, सगळ्यांचं सारखं नसतं). ५ जुलैला तो चार किलोचा झाला होता आणि २ ऑगस्टला साडेसहाच्या वर. म्हणजे शेवटच्या वेळी त्याला निम्म्यापेक्षा कमी औषध मिळालं. इतक्या औषधानं थोडे जंत मरतात, तेवढे शीत दिसतात, आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. उरलेले तिथंच. मुधोळसारखं उंच जातीचं पिल्लू या वयात आठवड्याला अर्धा-पाऊण किलो वाढतं. मागच्या वेळचं माप त्याला कधीच पुरत नाही. घरी वजनकाटा असेल तर पिल्लाला उचलून उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा आणि वजाबाकी करा. नाहीतर दवाखान्यात या, वजनाचे पैसे कुणी घेत नाही.

दुसरी गडबड तारखांची. ५ जुलै ते २ ऑगस्ट चार आठवडे मोकळे गेले, आणि नंतरचा डोस तापाच्या दिवशी, म्हणजे बिघडल्यावर. पिल्लांचं जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी द्यायचं असतं, बारा आठवड्यांचं होईपर्यंत. मग महिन्याला एकदा, सहा महिने होईपर्यंत. इतकं वारंवार का, असं सगळेच विचारतात. पिल्लाला गोल जंत मिळतात ते आईच्या पोटातच. आईच्या शीत एकही अंडं दिसत नसलं तरी तिच्या शरीरात या जंतांच्या अळ्या झोपलेल्या असतात. गाभणपणाच्या शेवटच्या काळात त्या जाग्या होतात आणि पिल्लाच्या अंगात उतरतात. जन्मल्यावर दुधातूनही येतात. हुकवर्मचे जंत तर मुख्यतः दुधातूनच. आता यातली गोम अशी की नेहमीचं औषध आतड्यातल्या जंतांना मारतं. यकृतातून, फुफ्फुसातून फिरत असलेल्या अळ्यांना ते गाठत नाही. आज औषध दिलं, आतडं साफ झालं, आणि दोन-तीन आठवड्यांत वाटेतल्या अळ्या मुक्कामाला पोचून पुन्हा मोठ्या झाल्या. औषध खोटं नव्हतं, एकच डोस अपुरा होता.

आणि शेरूला पहिले सहा आठवडे काय दिलं होतं? कार्डावर काहीच नव्हतं. म्हणजे तो आमच्याकडे आला तोच मागची थकबाकी घेऊन.

लसीचा आणि जंतांचा नेमका संबंध

याबद्दल लोक दोन टोकांची मतं घेऊन येतात. एक म्हणतात, जंत पोटात असले तर लस लागूच पडत नाही. दुसरे म्हणतात, काही संबंध नाही, टोचून टाका. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं मी इतकी वर्षं ऐकतोय ते असं: चार-दोन जंत असलेलं पण उड्या मारणारं, खाणारं, ताप नसलेलं पिल्लू लस घेऊ शकतं. लस वाया जाण्याचं मोठं कारण आईची उसनी शक्ती हे आहे, जंत नव्हेत. पण जंतांचा भार फार झाला, रक्त कमी झालं, खाणं अंगी लागेना, तर ते पिल्लू आजारी पिल्लू ठरतं. आणि लस निरोगी जनावरालाच द्यायची असते, बाटलीबरोबरच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं. शेरूला दोनदा परत पाठवलं ते जंत दिसले म्हणून नाही. पहिल्यांदा तो खात नव्हता आणि दुसऱ्यांदा ताप होता, म्हणून.

आणखी एक व्यवहाराचं कारण आहे. जंताचं औषध दिल्यावर एक-दोन दिवस पिल्लाचं पोट थोडं ढिलं होऊ शकतं, मेलेले जंत बाहेर पडतात. लस दिल्यावरही एखादा दिवस पिल्लू मलूल राहतं. दोन्ही एकाच दिवशी झालं आणि रात्री जुलाब सुरू झाले, तर फोनवर मला काय सांगणार? औषधामुळे? लसीमुळे? की आधीच पार्व्हो शिरलेला आहे? हा शेवटचा प्रश्न जीवावरचा असतो. म्हणून बहुतेक डॉक्टर जंताचं औषध लसीच्या पाच-सात दिवस आधी द्यायला सांगतात. पोट शांत झालेलं असतं, आणि त्यानंतरही जुलाब होत असतील तर त्याचं कारण वेगळं शोधायचं हे कळतं.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. "जंताचं औषध द्यायचं राहिलं, म्हणून लस तीन आठवडे पुढे ढकलली" असं करणारेही येतात. बारा-तेरा आठवड्यांचं, अर्धवट लस झालेलं पिल्लू तीन आठवडे असंच ठेवण्यात धोका जास्त आहे. तारीख आली, पिल्लू ठणठणीत आहे, औषध राहिलंय, तर पिल्लू घेऊन या आणि राहिलंय हे सांगा. डॉक्टर बहुधा लस देतील आणि औषधाची वेळ लावून देतील. ९ ऑगस्टला शेरूचं तेच झालं. ताप नव्हता, सकाळी भाकरी-दूध आणि अंडं संपवून आला होता, हिरड्या गुलाबी होत्या. डॉक्टरांनी लस दिली. आधीच एवढा उशीर झाल्यामुळे ७.४ किलो वजनावर सिरपही त्याच दिवशी दिलं, साडेसात मिली. रात्री शी जराशी पातळ झाली, काकांचा फोन आला, सकाळपर्यंत थांबली.

शेवटच्या डोसाकडून मागे मोजायचं

हेलपाटे थांबवायचे तर हिशेब शेवटच्या डोसापासून उलटा धरावा लागतो. ६ सप्टेंबर ही तारीख पक्की. आम्ही पाच-सात दिवस आधीवर थांबलो नाही, कारण शेरूचा इतिहास बघता एका डोसात काम होईल याची खात्री नव्हती. औषध दोन आठवडे आधी ठेवलं, २३ ऑगस्टला, आणि एक आठवडा आधी शीची तपासणी. तपासणीत काही निघालंच तर आणखी एक डोस द्यायला आठवडा हाताशी राहतो आणि लसीची तारीख हलत नाही. ज्यांची पिल्लं पहिल्यापासून वेळेवर औषध घेत आली आहेत त्यांना एवढं करायची गरज नाही.

२३ ऑगस्टला शेरूला रेबीजची लसही दिली, तेव्हा तो पंधरा आठवड्यांचा होता. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. ती मारलेल्या विषाणूची असते, तिची वाट शेवटच्या मोठ्या डोसापर्यंत बघायचं कारण नाही. आपल्या गल्ल्यांमध्ये भटकी कुत्री किती आहेत हे कुणाला सांगायला नको.

त्याच दिवशी एक नवीन गोष्ट दिसली. शेपटीखाली केसांना तांदळाच्या दाण्यासारखे दोन-तीन पांढरे तुकडे चिकटलेले. काका म्हणाले, "हे तर त्याच्या गोणपाटावर पण पडतात की. भात सांडलाय असं वाटलं." हे टेपवर्मचे, म्हणजे चपट्या जंताचे तुकडे. ताजे असले तर हलतात, वाळले की तांदूळ. हा जंत पिसवांतून येतो. पिल्लू अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्या पोटातला जंत याच्या पोटात जातो. पिल्लांच्या साध्या सिरपनं हा मरत नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागतं, जे मोठ्या गोळीत असतं. शीच्या तपासणीत याची अंडी बरेचदा सापडत नाहीत, डोळ्यांनाच आधी दिसतात. म्हणून "औषध देतोय तरी जंत" असं कुणी म्हणालं की मी विचारतो: शेवयांसारखे की तांदळासारखे? शेवया असतील तर माप किंवा तारीख चुकली. तांदूळ असेल तर औषधच वेगळं हवं, आणि पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर महिन्याभरात पुन्हा तांदूळ.

शेरू ८.८ किलोचा होता. दहा किलोला एक या हिशेबाची, प्राझिक्वांटेल धरून तीन औषधं एकत्र असलेली गोळी डॉक्टरांनी दिली, पिसवांसाठी मानेवर थेंब टाकले. गोणपाट काकांनी उकळत्या पाण्यातून काढलं.

परसाबद्दलही बोलणं झालं. काकांच्या घरी रोज फिनेल ओतत होते. गोल जंतांच्या अंड्यांना फिनेलचं काही वाटत नाही. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: ताज्या शीतलं अंडं लगेच कुणाला बाधत नाही, त्याला तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. रोजच्या रोज शी उचलली तर फिनेलपेक्षा कितीतरी जास्त काम होतं. हुकवर्म मात्र घाईचा, पावसाळ्यातल्या ओल्या उबदार मातीत त्याची अळी आठवड्याभरात तयार होते आणि उघड्या पायाच्या कातडीतूनही शिरते. नातवंडं जांभळाखाली अनवाणी खेळत होती, हे ऐकून काकूंनी त्याच दिवशी चपला आणल्या म्हणे.

घरगुती उपाय, म्हशीचं औषध

आपल्या भागात हे बोलावंच लागतं. गोठ्यात म्हशीसाठी आणलेलं जंताचं औषध "थोडंसं" पिल्लाला पाजणारे लोक आहेत. म्हशीच्या औषधातला एखादा मिली इकडेतिकडे झाला तर म्हशीला फरक पडत नाही, चार किलोच्या पिल्लाला पडतो. त्यातली काही औषधं कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक ठरू शकतात, आणि गुरांसाठीचं इंजेक्शन मेंढपाळ जातींच्या काही कुत्र्यांना तर जिवावर बेतू शकतं. लसूण देऊ नका, तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आणि हुकवर्म आधीच रक्त पीत असतो. वावडिंग द्यायचं तर द्या, पण कार्डावर ते औषध म्हणून लिहू नका.

परत न पाठवता लगेच बघायची पिल्लं

सगळेच जुलाब जंतांचे नसतात. पिल्लू उलट्या करतंय, शीला रक्त आहे आणि ओकारी येईल असा वास आहे, पडून राहतंय, पाण्याला तोंड लावत नाही, तर जंताचं औषध घरी पाजून वाट बघू नका. ते पार्व्होसारखं वागणं आहे आणि त्यात तास मोजायचे असतात. येताना फोन करा, म्हणजे त्याला आम्ही बाकीच्या पिल्लांच्या रांगेत बसवणार नाही. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तरी तसंच, शी कशीही असो. हुकवर्मनं लहान पिल्लाचं रक्त इतकं ओढलेलं असू शकतं की त्याला रक्त चढवावं लागतं. आणि मापात, वेळेवर औषध देऊनही शी आठवडाभर चिकट, फेसाळ येत असेल, तर जियार्डिया किंवा कॉक्सिडिया हे डोळ्यांना न दिसणारे आतड्यातले जीव असू शकतात. कॉक्सिडियावर जंताची गोळी चालतच नाही आणि जियार्डियाला एका दिवसाचा डोस पुरत नाही. त्यासाठी ताजी शी लहान डबीत घालून आणावी लागते, तासा-दोन तासांतली असली तर उत्तम.

शेरूची ३० ऑगस्टची तपासणी साफ आली. तांदूळही पुन्हा दिसला नव्हता. ६ सप्टेंबरला काका साडेदहालाच हजर, शेरू १०.२ किलो, ताप १०१.६. टेबलावर चढवताना त्यानं माझा चष्मा पाडला. लस झाली, पेनानं आखलेल्या चौथ्या ओळीत दोन स्टिकर लावली.

"मग आता रंकाळ्यावर न्यायला हरकत नाही?" काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन आठवडे थांबा. सुई टोचली की त्याच क्षणी संरक्षण मिळत नाही, आणि पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो.

कार्डाच्या मागच्या पानावर मी पुढचं लिहून दिलं: २० सप्टेंबर, जंताचं औषध, आधी वजन. मग महिन्याला एक, १० नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर तीन महिन्यांनी. पुढच्या पानावर, चौथ्या ओळीच्या खाली, आणखी एक ओळ आखली: ८ नोव्हेंबर, सव्वीस आठवडे, मोठ्या लसीचा आणखी एक डोस. सोळाव्या आठवड्यालाही आईची शक्ती शिल्लक राहिलेलं एखादं पिल्लू यात सापडतं, म्हणून हल्ली वर्षभर न थांबता सहाव्या महिन्यातच तो देतात. काकांनी ती ओळ बघितली, काही बोलले नाहीत, आणि सिरपच्या टोपणावरची तीनची खूण माझ्याच पेनानं खोडून टाकली.